गेम नेमका कुठे अडतो? संगणकावरील अँड्रॉइड एम्युलेटरची तीन दुखणी

संगणकावर अँड्रॉइड एम्युलेटर बसवला, आवडीचा गेम उतरवून घेतला आणि तो चालला नाही, की बहुतेक जण सेटिंगमधले दिसेल ते बटण फिरवू लागतात. त्याऐवजी आधी एकच गोष्ट पाहावी, ती म्हणजे गाडी नेमकी कुठल्या क्षणी अडली. एम्युलेटरमधला अँड्रॉइडच उभा राहत नसेल, तर दोष बहुधा व्हर्च्युअलायझेशनचा, म्हणजे आभासी यंत्र चालवण्याच्या प्रोसेसरमधल्या सोयीचा असतो. अँड्रॉइडचा मुख्य पडदा नीट दिसतो, पण गेम उघडताच काळोख होतो किंवा चित्रे विस्कटतात, तेव्हा ग्राफिक्सकडे बघावे. गेम दहा-पंधरा मिनिटे व्यवस्थित चालून मग अडखळत असेल किंवा गुपचूप बंद होत असेल, तर मेमरीच्या वाटपात गडबड असते. या नियमाला अपवाद आहेत, पण सुरुवात कुठून करायची हे त्यावरून ठरते.

गेल्या सुट्टीत माझ्या भाच्याच्या संगणकावर ही तिन्ही दुखणी एकामागून एक पाहायला मिळाली, म्हणून तेच उदाहरण शेवटपर्यंत घेतो. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर, त्यातच असलेले ग्राफिक्स, ८ जीबीची एकच रॅमची पट्टी आणि विंडोज ११, असा तो जोडून घेतलेला संगणक होता. वेगळे ग्राफिक्स कार्ड नव्हते. भाचा अभियांत्रिकीला असल्यामुळे अभ्यासासाठी त्याने त्याच विंडोजमध्ये लिनक्सही बसवून घेतले होते, आणि ही वरवर असंबद्ध वाटणारी गोष्टच पुढे महत्त्वाची ठरली. "मामा, आधी चालत होता, आता एम्युलेटर उघडतच नाही," एवढीच त्याची तक्रार होती.

एम्युलेटर म्हणजे मोबाइलचे नुसते चित्र दाखवणारा प्रोग्रॅम नव्हे. तो संगणकाच्या आत एक दुसरा, आभासी संगणक उभा करतो आणि त्यावर खरीखुरी अँड्रॉइड प्रणाली चालवतो. अडचण अशी, की कुठल्याही प्रणालीचा गाभा आपणच प्रोसेसरचे मालक आहोत असे गृहीत धरून हुकूम सोडतो, आणि एका यंत्रावर असे दोन मालक सुखाने नांदू शकत नाहीत. पूर्वी पाहुण्या प्रणालीचा असा प्रत्येक हुकूम सॉफ्टवेअरने अडवून, बदलून पुढे पाठवावा लागे, आणि त्यात वेग जाई. २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच त्याची सोय केली. आता पाहुणी प्रणाली आपले हुकूम थेट प्रोसेसरला देते आणि मर्यादा ओलांडली, तरच प्रोसेसर स्वतः तिला थांबवतो. इंटेलच्या या सोयीचे नाव VT-x आणि एएमडीच्या सोयीचे AMD-V. आजचे गेमिंग एम्युलेटर हिच्या जोरावर चालतात.

ही सोय प्रोसेसरमध्ये असली, तरी मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, ती बंद ठेवलेली असू शकते. ते तपासायला संगणक बंद करण्याचीही गरज नाही. टास्क मॅनेजर उघडून Performance मध्ये CPU वर टिचकी मारली, की उजवीकडे खाली Virtualization ही ओळ दिसते. भाच्याच्या संगणकावर तिथे Disabled असे लिहिले होते. "आधी चालत होता" याचा उलगडा तिथेच झाला, कारण महिनाभरापूर्वी त्याने बायोस अद्ययावत केला होता आणि त्यात सगळ्या सेटिंग मूळ स्थितीला गेल्या होत्या. लिनक्सही त्याच दिवसापासून बंद पडले असणार, पण सुट्टीत ते कोण उघडून बघतो!

बायोसमध्ये या सेटिंगचे नाव शोधताना माणूस हमखास चुकतो. एएमडीच्या बोर्डांवर ते बहुधा SVM Mode असे असते, आणि असूसच्या बोर्डांवर CPU Configuration मध्ये, एमएसआयच्या बोर्डांवर CPU Features मध्ये, तर गिगाबाइटच्या बोर्डांवर Advanced CPU Settings मध्ये ते सापडते. इंटेलच्या यंत्रांवर Intel Virtualization Technology किंवा त्यासारखे नाव असते. बायोसला हात लावण्याआधी एक काळजी घ्यावी. विंडोजने डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केली असेल, तर बायोसमधल्या बदलानंतर संगणक सुरू होताना रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती हाताशी असल्याची खात्री करून मगच पुढे जावे.

SVM Mode सुरू केला, टास्क मॅनेजरमध्ये Enabled दिसू लागले, आणि तरीही एम्युलेटर उघडला नाही. बदलला तो फक्त त्याचा संदेश. पहिल्यांदा व्हर्च्युअलायझेशन बंद असल्याची तक्रार होती, आता हायपर-व्ही सुरू असल्याची होती. बहुतेक जण इथेच गोंधळतात, कारण सोय सुरू असणे आणि ती एम्युलेटरच्या वाट्याला येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

हायपर-व्ही हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा हायपरव्हायझर, म्हणजे आभासी यंत्रांचा कारभारी. तो सुरू असला, की संगणक चालू होताच विंडोजच्या आधी तो जागा होतो, प्रोसेसरमधली ती सोय ताब्यात घेतो आणि मग खुद्द विंडोजलाही आपल्या देखरेखीखाली चालवतो. आता एम्युलेटर येऊन तीच सोय मागू लागला, तर जागेवर आधीच कोणीतरी बसलेले असते. हायपर-व्ही आपण मुद्दाम सुरू केलेला असेलच असे नाही. विंडोजमधले लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल २, डॉकर, विंडोज सँडबॉक्स आणि Memory integrity ही सुरक्षा-सोय, या सगळ्यांना तोच कारभारी लागतो, आणि यातली शेवटची सोय विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या संगणकांवर पहिल्यापासूनच सुरू असते. भाच्याने लिनक्ससाठी Virtual Machine Platform हा भाग सुरू केलेला होता. SVM बंद होता तोवर कारभारी झोपलेला होता, आम्ही SVM सुरू केला आणि तो पुन्हा कामाला लागला.

हायपरव्हायझर खरोखर जागा आहे का, हे कमांड प्रॉम्प्टमध्ये असे पाहता येते:

```
systeminfo
```

उत्तराच्या शेवटी Hyper-V Requirements समोर A hypervisor has been detected असे आले, तर तो जागा आहे. येथून दोन वाटा फुटतात. पहिली वाट इंटरनेटवरचे जवळजवळ सगळे व्हिडिओ सांगतात, ती म्हणजे हायपरव्हायझरच बंद करणे. त्यासाठी प्रशासकाच्या अधिकारात उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पुढची आज्ञा देऊन संगणक पुन्हा सुरू करतात:

```
bcdedit /set hypervisorlaunchtype off
```

पूर्ववत करायचे, तर off च्या जागी auto लिहायचे. हा उपाय चालतो, पण त्याची किंमत कोणी सांगत नाही. डब्ल्यूएसएल २ आणि डॉकर बंद पडतात, शिवाय Memory integrity ही सोयही जाते, जी घातक ड्रायव्हरना विंडोजच्या गाभ्यात शिरण्यापासून रोखते. कुठूनतरी उतरवलेली गेमची साधने ज्या संगणकावर चालवायची, त्याच संगणकाचा हा पहारा काढून घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

दुसरी वाट म्हणजे हायपर-व्हीशी जुळवून घेणारा एम्युलेटर वापरणे. ब्लूस्टॅक्स ५ मध्ये ती सोय आहे आणि अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटरही त्याच मार्गाने चालतो. असा एम्युलेटर प्रोसेसरवर हक्क न सांगता कारभाऱ्याकडेच जागा मागतो, आणि त्यासाठी Turn Windows features on or off या खिडकीत Windows Hypervisor Platform हा भाग बंद नव्हे, तर सुरू करावा लागू शकतो. व्हिडिओतल्या सल्ल्याच्या हे नेमके उलट असल्यामुळे, आपला एम्युलेटर कोणत्या जातीचा आहे हे आधी ठरवावे आणि मगच त्या चौकटींवर खुणा कराव्यात. जुळवून घेतल्यावर वेग थोडा कमी होऊ शकतो. व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅमला हायपर-व्हीच्या मार्फत चालावे लागले, की तो आपल्या खिडकीच्या तळाशी चक्क एक हिरवे कासव दाखवतो, आणि इतका प्रामाणिक इशारा मी दुसऱ्या कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेला नाही. भाच्याला लिनक्स हवेच होते, म्हणून आम्ही दुसरी वाट धरली, आणि अँड्रॉइड उभा राहिला.

पुढचा टप्पा गेम उघडण्याचा. संगीत वाजू लागले, पडदा मात्र काळाच राहिला. आवाज येतो आहे, याचा अर्थ गेम जिवंत आहे आणि चित्र रंगवण्याची साखळीच कुठेतरी तुटली आहे, असा होतो.

मोबाइलचा गेम ग्राफिक्सशी ओपनजीएल ईएस किंवा व्हल्कन या भाषांत बोलतो. विंडोजवरचे ड्रायव्हर मुख्यतः डायरेक्टएक्स, ओपनजीएल आणि व्हल्कन जाणतात. एम्युलेटर मध्ये बसून दुभाष्याचे काम करतो आणि सेटिंगमधला ग्राफिक्स मोड म्हणजे त्याने कोणत्या भाषेत भाषांतर करायचे याची निवड. डायरेक्टएक्स आणि ओपनजीएल यांपैकी एक मोड चांगला आणि दुसरा वाईट असे नसते. एखाद्या ड्रायव्हरची ओपनजीएलची बाजू कच्ची असते, एखाद्या गेममधली विशिष्ट मागणी डायरेक्टएक्समध्ये नीट उतरत नाही. म्हणून हा मोड बदलून पाहणे हा अंधारात मारलेला तीर नसून रास्त तपासणी आहे. अट एवढीच, की बदल केल्यावर एम्युलेटर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा, कारण नवा मोड नव्याने सुरू होतानाच लागू होतो.

मात्र त्याही आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये Display adapters खाली काय लिहिले आहे ते पाहावे. तिथे Microsoft Basic Display Adapter असे दिसले, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. त्या कामचलाऊ ड्रायव्हरवर विंडोजकडे ओपनजीएलची फक्त १.१ ही १९९० च्या दशकातली आवृत्ती असते, आणि आजच्या गेमला ती पुरणे शक्यच नाही. अशा वेळी मोड बदलत बसणे व्यर्थ असते. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर एम्युलेटर चुकून कमी ताकदीचे निवडतो, तेव्हा विंडोजच्या Graphics सेटिंगमध्ये जाऊन त्याला High performance नेमून द्यावे.

भाच्याचा ड्रायव्हर ठीक होता. मोड डायरेक्टएक्सवरून ओपनजीएलवर नेला आणि पडदा उजळला. माणसे दिसली, झाडे दिसली, पण जमीन आणि घरांच्या भिंती मात्र डांबर फासल्यासारख्या काळ्याच राहिल्या. सगळे चित्र जाणे आणि काही पृष्ठेच काळी पडणे यांत फरक आहे, आणि दुसऱ्या प्रकाराचे कारण बहुधा एएसटीसी हे असते.

गेममधल्या भिंतीवर, जमिनीवर जी चित्रे चिकटवलेली असतात त्यांना टेक्स्चर म्हणतात. मोबाइलच्या गेममध्ये ती पुष्कळदा एएसटीसी या पद्धतीने दाबून ठेवलेली असतात. या पद्धतीत चित्राचे लहान लहान चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोन, तो कितीही मोठा धरला तरी, बरोबर १६ बाइटमध्ये बसवतात. समजा, चौकोन ६ गुणिले ६, म्हणजे ३६ ठिपक्यांचा आहे. दाबला नसता, तर एका ठिपक्याला ४ बाइट या हिशेबाने त्याला १४४ बाइट लागले असते. म्हणजे चित्र नऊपट लहान झाले. आजच्या मोबाइलच्या ग्राफिक्स चिपला हे दाबलेले चित्र जसेच्या तसे वाचता येते. इंटेलच्या काही पिढ्यांतल्या अंगभूत ग्राफिक्सलाही येते. पण संगणकाच्या एनव्हिडिया आणि एएमडीच्या ग्राफिक्सला ते येत नाही. म्हणून एम्युलेटरला ते चित्र आधी उलगडून द्यावे लागते, आणि ती सोय बंद असली तर भिंतीच्या जागी काळोख उरतो.

एम्युलेटरच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ASTC textures अशा नावाखाली बहुधा तीन पर्याय असतात. पहिला बंद, दुसरा सॉफ्टवेअरने उलगडणे, म्हणजे हे काम प्रोसेसरने करायचे, आणि तिसरा हार्डवेअरने उलगडणे, म्हणजे ते ग्राफिक्स चिपवर सोपवायचे. भाच्याच्या संगणकावर पर्याय बंद होता. आम्ही सॉफ्टवेअरचा पर्याय निवडला, आणि भिंतींना रंग आला. भाचा खूश होऊन खेळायला बसला आणि बारा मिनिटांत पुन्हा हाक मारली.

आता गेम चालत होता, पण धक्के खात होता, आवाज फाटत होता, आणि माउसचा बाणसुद्धा जागच्या जागी थिजत होता. ही तिसरी अडचण दुसऱ्या दुरुस्तीच्या पोटातूनच आली होती. दोन हजार अठ्ठेचाळीस ठिपके लांब आणि तितकेच रुंद असे एक टेक्स्चर वरच्या हिशेबाने दाबलेले असताना सुमारे १.८ एमबीचे असते, आणि उलगडून तसेच ठेवले तर १६ एमबीचे होते. एका दृश्यात अशी शंभर चित्रे असली, की १८० एमबीच्या जागी १६०० एमबी लागतात. वेगळे ग्राफिक्स कार्ड असते, तर यातला बराच भार त्या कार्डाच्या स्वतःच्या मेमरीने उचलला असता. इथे ग्राफिक्स प्रोसेसरच्याच पोटात असल्यामुळे सगळा भार त्याच ८ जीबी रॅमवर पडला.

आणि ती रॅम ८ जीबीही उरलेली नव्हती. बायोसमध्ये SVM शोधताना भाच्याने माझ्या पाठीमागे UMA Frame Buffer Size ही ग्राफिक्ससाठी रॅम राखून ठेवणारी सेटिंग २ जीबी करून ठेवली होती, कारण ग्राफिक्सला जास्त मेमरी दिली की गेम पळतो असे त्याने कुठेतरी ऐकले होते. विंडोजच्या About पानावर 8.00 GB पुढे कंसात 5.9 GB usable असे लिहिलेले होते. त्यातले जवळपास ३ जीबी विंडोज आणि उघडा ब्राउझर यांनी घेतलेले, आणि एम्युलेटरला नेमून दिले होते ४ जीबी. ही बेरीज ७ जीबीला जाते आणि पातेल्यात जागा सहाचीही नाही. न मावलेला भाग विंडोज डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये हलवत राहते, आणि डिस्क कितीही चांगली असली, तरी रॅमच्या मानाने ती फारच मंद. अँड्रॉइड सुरुवातीला नेमून दिलेली सगळी मेमरी वापरत नाही, हळूहळू भरत नेतो, म्हणूनच त्रास पहिल्या मिनिटाला न होता बाराव्या मिनिटाला झाला.

मेमरीची तंगी दोन ठिकाणी होऊ शकते आणि दोन्हींचे उपाय परस्परविरुद्ध आहेत, हे नीट लक्षात घ्यायला हवे. तंगी एम्युलेटरच्या आत असेल, म्हणजे अँड्रॉइडला नेमून दिलेली मेमरीच कमी पडत असेल, तर अँड्रॉइड आधी मागे पडलेली ॲप बंद करतो आणि तेवढ्याने भागले नाही, तर समोरचा गेमही बंद करून जागा करतो. तेव्हा गेम कुठलाही संदेश न देता नाहीसा होतो, मुख्य पडदा दिसू लागतो, आणि विंडोज मात्र निवांत असते. अशा वेळी वाटप वाढवावे. तंगी बाहेर, विंडोजमध्ये असेल, तर गेम बंद न पडता सगळा संगणकच जड होतो, टास्क मॅनेजरमध्ये मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे आणि डिस्क सतत राबताना दिसते. तेव्हा वाटप कमी करावे. ही दुसरी खूण न ओळखता चारचे सहा जीबी करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मग एम्युलेटर उघडणेही बंद होते. ३२ बिटच्या अँड्रॉइडवर तर गेमला एकट्याला ४ जीबीच्या पलीकडची मेमरी वापरताच येत नाही, त्यामुळे तिथे वाटप वाढवत नेऊन गेमला काही मिळत नाही. पेज फाइल बंद करण्याचा सल्लाही कुठे कुठे दिला जातो, तो मानू नये. ती विंडोजच्या हाती ठेवावी, नाहीतर आज जो संगणक नुसता अडखळतो, तो उद्या मेमरी मिळाली नाही म्हणून प्रोग्रॅमच बंद पाडेल.

आम्ही आधी UMA ची सेटिंग ५१२ एमबीवर आणली. अंगभूत ग्राफिक्सला गरज पडेल तशी बाकीची रॅम वापरता येतेच, त्यामुळे आगाऊ कापून ठेवलेल्या २ जीबींचा काही लाभ नव्हता. विंडोजला साधारण ७.४ जीबी मोकळे मिळाले. एम्युलेटरचे वाटप ४ वरून ३ जीबी केले, बारा धाग्यांच्या त्या प्रोसेसरमधले ४ कोअर त्याला दिले, गेममधला चित्रांचा दर्जा एक पायरी खाली आणला आणि ब्राउझर बंद ठेवायला सांगितले. दर बदलानंतर वीस मिनिटे खेळून पाहिले, एका वेळी एकच बदल, नाहीतर गुण कोणत्या औषधाने आला ते कळत नाही. धक्के गेले.

महिन्याभराने त्याने ८ जीबीची दुसरी पट्टी बसवली. तिने जागा तर दुप्पट झालीच, पण अंगभूत ग्राफिक्स रॅममधूनच वाचत असल्यामुळे आणि दोन पट्ट्या असल्या, की वाचण्याच्या वाटाही दोन होत असल्यामुळे, गेमचा वेग त्यानेच सगळ्यांत जास्त वाढला. आता वाटप ४ जीबीचे आहे आणि ब्राउझर उघडा असला तरी चालते.

त्याच्याकडचा दुसरा एक गेम मात्र अजूनही चालत नाही. तो पहिल्या पडद्यावर, हे उपकरण चालणार नाही, असा स्वच्छ संदेश देऊन बंद होतो. आपण खऱ्या मोबाइलवर नाही हे काही गेम स्वतःहून तपासतात आणि एम्युलेटरला नकार देतात. तिथे व्हर्च्युअलायझेशन, ग्राफिक्स किंवा मेमरी यांतल्या कुठल्याच सेटिंगचा उपयोग नसतो, आणि तो नकार चुकवण्याच्या खटपटीत खाते कायमचे बंद होऊ शकते. तो गेम भाचा मोबाइलवरच खेळतो.